कर्ण खरंच सूताचा मुलगा असता तर?

गेल्या श्रावणात सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय पत्रिकेवरच छापलेला: ‘कर्ण, नायक की खलनायक?’ पत्र्यावर पाऊस वाजत होता, माईक मधूनच खरखरत होता आणि मुलं एकामागून एक येऊन घसा ताणत होती. निम्म्यांनी कर्णासाठी डोळे पुसले. कवचकुंडलं, दानशूरपणा, चिखलात रुतलेलं चाक, सगळं हातवाऱ्यांसकट. उरलेल्यांनी भर सभेत द्रौपदीला तो काय बोलला ते काढलं आणि हा कसला नायक म्हणून बोट रोखलं. टाळ्या दोघांनाही पडल्या. मला मात्र सारखं वाटत होतं की दोन्ही पक्ष कर्णाचा चारित्र्याचा दाखला काढायला तहसीलदार कचेरीत आलेत. एकाला तो मंजूर करून हवाय, दुसऱ्याला नामंजूर.

निकालानंतर चहाच्या टेबलाशी अकरावीतली एक मुलगी आली. कर्णाच्या बाजूनं बोलली होती, नंबर काही आला नव्हता. म्हणाली, “सर, एक विचारू? कर्ण खरंच सूताचा मुलगा असता तर? कुंतीचा नसताच, तर त्याचं वाईट वाटून घ्यायचं की नाही?” माझ्या हातात पोह्यांची डिश होती. “वाटून घ्यायचं की,” एवढंच म्हणालो आणि पुढं काय बोलावं ते सुचेना. चाळीस वर्षं महाभारत वाचणाऱ्या माणसाला त्या प्रश्नानं गप्प केलं, कारण आपण कर्णाला रडतो ते बहुतेक वेळा चुकीच्या जागी रडतो, हे तिनं नकळत दाखवून दिलं होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कर्ण शोकात्म आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ‘जातिवंत क्षत्रियाला बिचाऱ्याला सूत म्हणून हिणवलं’ ही त्याची शोकांतिका नव्हे. तसं म्हणणं म्हणजे खऱ्या सूताला हिणवलेलं चालतं, असं कबूल करणं. कर्णाचं दुःख वेगळ्या ठिकाणी आहे. जो मान त्याला पराक्रमाच्या हक्कानं मिळायचा, तो उपकार म्हणून मिळाला. उपकारानं मिळालेला मान माणसाला मिंधा करतो, आणि त्या मिंधेपणात त्यानं जे केलं त्याचा दोष मात्र पूर्णपणे त्याचाच राहिला.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. पहिली गोष्ट, सूत म्हणजे समाजाच्या अगदी तळातला माणूस नव्हे. कर्णाला वाढवणारा अधिरथ धृतराष्ट्राचा सखा होता. युद्ध डोळ्यांसमोर उभं करणारा संजय सूत. नैमिषारण्यात ऋषींना सगळं महाभारत सांगणारा उग्रश्रवा सूताचाच मुलगा. विराटाचा सेनापती कीचकही सूत, आणि त्याच्या दराऱ्यापुढं खुद्द राजाचं काही चालत नसे. दुसरी गोष्ट, द्रोणांनी कर्णाला दारातूनच हाकललं हा समज चुकीचा आहे. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांच्या यादीत राधेय आहे. त्याला नाकारलं ते ब्रह्मास्त्र. तिसरी गोष्ट, ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचं वाक्य. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून जी संशोधित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, तिच्या मुख्य पाठात हे वाक्य नाही. ज्या अपमानाचा सूड म्हणून कर्णाचं सभेतलं वागणं आपण समजून घेतो, तो अपमान बहुधा नंतरच्या कुणीतरी घातलेला आहे. कर्णप्रेमींना हे ऐकवत नाही. पण स्वतःच्या सोयीचं तेवढं ठेवायचं असेल तर मग महाभारत कशाला काढायचं?

चौथी गोष्ट सगळ्यांत जड आहे. द्यूतसभेत विकर्ण उठला, दुर्योधनाचा सख्खा भाऊ, आणि म्हणाला की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला गप्प केलं कर्णानं. पाच नवऱ्यांची बायको ती बंधकीच, म्हणजे वेश्याच, असं म्हणून त्यानं दुःशासनाला पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं उतरवायला सांगितलं. वस्त्रहरणाचा हुकूम कर्णाच्या तोंडून आलेला आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात मोरोपंतांची ओळ आली की लोक माना डोलवत: ‘तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म?’ ती इतकी तोंडात बसली की आज ग्रामपंचायतीच्या सभेतही विरोधकाला ऐकवली जाते. त्या श्रोत्यांना कर्णाची कणव येत नव्हती असं नाही, पण त्यांनी हिशेब सोडला नव्हता. आपण विसाव्या शतकात कादंबऱ्या आणि नाटकं वाचून कर्णाला जवळ घेतलं आणि हिशेबाची वही बंद केली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

मग शोकांतिका उरते कुठं? त्यासाठी महाभारतातल्या रंगभूमीवर, म्हणजे हस्तिनापूरच्या मैदानावर जायला हवं, कारण सगळी मेख तिथं आहे. राजपुत्रांच्या कसबाचं प्रदर्शन चाललंय. अर्जुनानं लोकांना थक्क केलंय. इतक्यात कर्ण आत येतो आणि अर्जुनानं केलेलं सगळं करून दाखवतो. इथंवर जन्माचा संबंध नाही; बाण कुणाला कुळ विचारत नाही. द्वंद्वाची वेळ येते तेव्हा कृपाचार्य मधे पडतात. हा पांडूचा मुलगा, कुंतीचा, कुरुकुळातला. तूही तुझी आई, बाप, कुळ सांग. व्यास लिहितात की कर्णाचा चेहरा पावसानं भिजून खाली वाकलेल्या कमळासारखा झाला. एवढ्यात दुर्योधन बोलतो, आणि काय बोलतो पाहा. शास्त्रानं राजे तीन प्रकारचे मानलेत: कुलीन, शूर आणि सेना चालवणारा. जन्माच्या कसोटीविरुद्ध इतका स्वच्छ युक्तिवाद त्या मैदानात दुसऱ्या कुणी केलेला नाही. पुढं भीमानं कर्णाला टोचल्यावर तो आणखी म्हणतो, ‘शूराणां च नदीनां च’, शूरांचे आणि नद्यांचे उगम कुणाला कळलेत? वाक्य सोन्यासारखं, तोंड दुर्योधनाचं. भीष्म, द्रोण, विदुर, कृप, सगळे जाणते तिथं बसलेले होते. त्यांच्यापैकी एकानं हे म्हटलं असतं तर?

पण दुर्योधन युक्तिवादावर थांबत नाही. थांबला असता तर कर्ण स्वतःच्या शौर्यावर लढला असता. दुर्योधन कृपाचार्यांची अट मोडत नाही, ती पुरी करतो: राजपुत्राशी लढायला राजाच लागतो ना, मग हा घ्या राजा. तिथल्या तिथं अंगदेशाचा अभिषेक. आणि अभिषेकाचं पाणी अंगावर असतानाच कर्ण विचारतो, या राज्याच्या बदल्यात तुला साजेसं काय देऊ? दुर्योधन म्हणतो, अत्यंत सख्य. कधीही न तुटणारी मैत्री. माझ्या लेखी कर्णाचा शेवट याच क्षणी ठरला, कुरुक्षेत्रावर नाही. ज्याला आपला हक्क मिळतो तो ‘बदल्यात काय देऊ’ असं विचारत नाही. अर्जुनानं मैदानात उतरताना कुणाला काही देऊ केलं होतं का?

त्यानंतरचं दृश्य मी वर्गात कधी नीट वाचू शकलो नाही. काठी टेकत, घामाघूम, थरथरत म्हातारा अधिरथ आत येतो. त्याचं उपरणं खांद्यावरून घसरलेलं. नवा राजा धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकानं ओलं झालेलं डोकं बापाच्या पायावर ठेवतो. म्हातारा ‘बाळा’ म्हणून त्याला कवटाळतो. लपवायची संधी समोर असताना कर्णानं बाप लपवला नाही. आणि भीम हसून म्हणतो, तू चाबूक घे, तुझ्या कुळाला तोच शोभतो.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला मिंधेपण म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही. ‘साहेबांनी चिकटवलं’ म्हणून तीस वर्षं एखाद्या संस्थेत शिकवणारा गुणी मास्तर आपण प्रत्येकानं पाहिलाय. त्याची पदवी खरी, विषयावरची पकड खरी, नोकरी त्याच्या गुणांनीच मिळायला हवी होती. पण मिळाली ती वाड्यावर हेलपाटे घालून. मग निवडणुकीत साहेबांचा मुलगा काहीही बोलला तरी मास्तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. एखाद्याला गप्प करायचं असेल तर साहेब स्वतः बोलत नाहीत, मास्तरच बोलतो, आणि साहेब बोलले असते त्याहून कडक बोलतो. द्यूतसभेतला कर्ण मला असा दिसतो. ही माझी कल्पना आहे असं कुणी म्हणेल, तर ऐका: युद्धाआधी कृष्णाशी बोलताना कर्ण स्वतःच हे कबूल करतो. पांडवांना मी जे कडू बोललो ते ‘प्रियार्थं धार्तराष्ट्रस्य’, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून. त्या कृत्यानं आज मी जळतो आहे. द्रौपदीनं नाकारलं म्हणून, जगानं छळलं म्हणून, यातलं एकही कारण तो पुढं करत नाही. खूश करायचं होतं म्हणून, असं सरळ सांगतो.

यावर एक तगडा प्रश्न येतो. मीठ तर विकर्णानंही खाल्लं होतं, मग तो कसा बोलला? विदुर तर दासीचा मुलगा, तो कसा बोलला? प्रश्न रास्त आहे, पण दोघांची बैठक पाहा. विकर्ण धृतराष्ट्राचा मुलगा. तो काहीही बोलला तरी संध्याकाळी कौरव म्हणूनच जेवायला बसणार. विदुरानं राजेपणाचा आणि शस्त्राच्या मानाचा दावाच कधी केला नाही. जे मागितलं नाही ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही. कर्णाचं सगळं स्थान एका माणसाच्या मर्जीच्या खुंटीवर टांगलेलं. म्हणून तो सुटतो का? नाही. उलट इथं आक्षेप आणखी धारदार करता येतो, आणि कर्णाच्या टीकाकारांनी तो का केला नाही याचं मला नवल वाटतं. भीष्मांनी त्याला अर्धरथी म्हटलं, तेव्हा भीष्म पडेपर्यंत शस्त्र धरणार नाही असं म्हणून हाच कर्ण दहा दिवस घरी बसला. मित्राचं सैन्य कापलं जात असताना बसला. म्हणजे दुर्योधनाला ‘नाही’ म्हणता येत होतं, फक्त स्वतःच्या अपमानापायी येत होतं, द्रौपदीच्या नाही. ज्यानं भर मैदानात मान खाली घालण्याचा अनुभव घेतला, त्याला भर सभेत ओढून आणलेली बाई दिसली नाही. अपमान सोसलेला माणूस आपोआप कनवाळू होतो, ही आपली आवडती समजूत कर्णानं खोटी पाडली. त्याला सज्जन ठरवून त्याचं दुःख वाढत नाही. त्याच्या हातून हे झालं आणि ते त्याला कळलं, म्हणून ते मोठं आहे.

कळल्यावर त्यानं काय केलं? शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात घेऊन हस्तिनापूरबाहेर जातो आणि जन्माचं गुपित सांगतो. जी ऑफर ठेवतो ती पाहा: कन्येला लग्नाआधी झालेला मुलगा शास्त्रानं तिच्या नवऱ्याचाच, तेव्हा तू पांडूचा थोरला मुलगा, तूच राजा. युधिष्ठिर तुझ्यामागं चवरी धरेल, भीम छत्र धरेल आणि अर्जुन तुझा रथ हाकेल. चाबूक घे म्हणणारा भीम छत्र धरणार आणि ज्याच्याशी द्वंद्व नाकारलं गेलं तोच सारथी होणार! एवढी पुरेपूर भरपाई कुणी दिली असेल? पण भरपाई कशाच्या आधारावर? त्याच जन्माच्या. कृपाचार्यांनी जे विचारलं त्याचंच उत्तर कृष्ण आणून देतोय. कसोटी तशीच, फक्त निकाल बदललाय.

कर्ण ती नाकारतो, आणि नाकारताना दुर्योधनाचं नाव आधी घेत नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे. आधी राधा येते. मला घरी आणल्यावर मायेनं तिला पान्हा फुटला, तिनं माझं हगणंमुतणं काढलं, तिचा पिंड मी कसा तोडू? अधिरथानं माझे संस्कार केले, त्याला मी बाप मानतो. माझ्या बायका सूतांच्या, मुलं-नातवंडं त्यांच्यात. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या तरी हे मी खोटं ठरवणार नाही. मग दुर्योधनाच्या आधारानं तेरा वर्षं भोगलेल्या राज्याची गोष्ट येते. जन्मभर ज्याला ‘सूतपुत्र’ ही शिवी होती, तो ते नाव हातात दुसरं चांगलं नाव असताना आपण होऊन घेतो. हा त्याचा एकमेव निर्णय जो कुणाच्या उपकारातून आलेला नाही. आणि तो घेताना आपण हरणार, मरणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. युद्धाचा यज्ञ कसा होईल आणि त्यात कोण आहुती जाईल ते तोच कृष्णाला सांगतो. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर खुद्द कर्णानंच देऊन ठेवलंय. खरंच सूताचा असतो तर, असं विचारताय? मी सूताचाच आहे.

आपल्या भागाला हे पचायला जड जावं, कारण कुळ सिद्ध करून मान मिळवण्याची खोड इथं जुनी आहे. १६७४ साली राज्य कमावलेल्या राजालाही अभिषेकाआधी मुंज करून घ्यावी लागली. पुढं दीडशे वर्षांनी साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज असताना भोसले क्षत्रिय की शूद्र हा वाद पुन्हा पेटला. विरोधकांच्या बाजूला सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन. महाराजांकडून उदयपूरच्या सिसोदियांशी असलेल्या नात्याचे पुरावे शोधण्याची खटपट. महाराजांची बाजू न्यायाची होती, यात मला संशय नाही. पण युक्तिवाद कोणता? आम्ही मुळात क्षत्रियच. कृपाचार्यांचा प्रश्न चुकीचा आहे असं म्हणण्याऐवजी त्याचं चांगलं उत्तर शोधलं गेलं. त्या काळात दुसरं काही शक्य नव्हतं, हेही खरं.

आणि ज्याच्याकडे उदयपूर नाही त्यानं काय करायचं? साताऱ्याच्या ज्या शाळेला आज प्रतापसिंहांचंच नाव आहे तिथं ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव घातलं गेलं. पुढच्या वर्षी तो मुलगा घरातल्या पोरांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरला वाटलं ब्राह्मणाची मुलं असावीत. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मुलानं पटकन सांगून टाकलं, महार. मास्तरचा चेहरा पालटला. एकही गाडीवान बसवून घ्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान सोबत चालणार. नऊ-दहा वर्षांच्या भीमराव आंबेडकरांच्या आणि सोबतच्या पोरांच्या हाती कासरा आला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. रंगभूमीवरचा प्रश्न आणि मसूरचा प्रश्न एकच. फरक इतकाच की इथं कुणी कृष्ण येऊन ‘तू खरा अमक्याचा’ म्हणणार नव्हता, आणि त्या मुलाला तशी गरजही पडली नाही. कर्णाबद्दल हळहळणाऱ्यांनी आधी या बैलगाडीबद्दल हळहळून दाखवावं, असं मला कधीकधी वाटतं. तिथं गुपित नाही, कवचकुंडलं नाहीत, सूर्य नाही. तिथं डोळ्यात पाणी येत नसेल तर कर्णासाठी आलेलं पाणी कशासाठी होतं?

पांडवांचंही तेच झालं. सतराव्या दिवशी कर्ण पडला तेव्हा युधिष्ठिर रथात बसून मुद्दाम प्रेत पाहायला गेला, आणि पाहून त्याला आनंद झाला. सगळं संपल्यावर गंगेकाठी मेलेल्यांना पाणी देताना कुंती बोलली, त्यालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. मग युधिष्ठिर कोसळला. नारदांना सांगतो, सभेत कर्णाचं बोलणं ऐकून राग यायचा, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग विरायचा; पाय आईच्या पायांसारखे वाटायचे, का ते कळत नव्हतं. त्यानं कर्णाच्या बायकांना बोलावून घेतलं आणि भाऊ म्हणून त्याचं उत्तरकार्य केलं. राधेचा पिंड तोडणार नाही म्हणून जो राज्य सोडून मेला, त्याला तिलांजली मिळाली ती कौंतेय म्हणून.